यादीत नाव असणं

मायक्रोफायनान्सच्या बैठकीत कर्ज घेणाऱ्या बाईच्या हाती येतं ते कर्जकार्ड. त्यावर कर्जाची रक्कम, हप्त्यांचे रकाने आणि कोपऱ्यात कुठेतरी ‘विमा हप्ता’ अशी एक ओळ असते. तिच्या पुढचा आकडा शंभर-दीडशे रुपयांचा, म्हणून सहसा कुणी त्याबद्दल विचारत नाही. पण ती घरात नसेल त्या दिवशी कर्ज कोण फेडणार, हे त्या आकड्यामागच्या एका पत्राने ठरवलेलं असतं. ते पत्र तिने पाहिलेलं नसतं. वित्तसंस्थेने ते विमा कंपनीला लिहिलेलं असतं आणि सोबत एक यादी जोडलेली असते. या प्रकरणात ते पत्र आणि ती यादी वाचायची आहे.

कर्जदाराच्या मृत्यूबरोबर कर्जही मिटावं, ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेत आर्थर मॉरिस याने पगारदार माणसांना छोटी कर्जं देणाऱ्या बँका काढल्या आणि 1917 मध्ये त्यांच्या कर्जदारांसाठी आयुर्विम्याची वेगळी संस्था उभी केली. आज आपल्याकडे महिला गटांच्या कर्जाला जोडून येतो, तो त्याच घराण्यातला विमा आहे. फरक इतकाच की इथे कर्ज विनातारण असतं आणि गटातल्या बाया एकमेकींना जामीन असतात. म्हणजे एक सभासद गेली, तर घरच्यांच्या दुःखात शेजारणींच्या खिशाची काळजीही येऊन मिसळते.

सोयीसाठी मराठवाड्यातली एक छोटी संस्था कल्पू. रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी असलेली, 1,200 कर्जदार, सगळ्या महिला. कर्ज प्रत्येकी 40,000 रुपये, मुदत 24 महिने, व्याज घटत्या शिलकीवर वर्षाला 24 टक्के. म्हणजे महिन्याचा हप्ता साधारण 2,115 रुपये. प्रत्यक्षात सगळ्यांचं कर्ज सारखं नसतं, पण हिशेब समजून घ्यायला इतकं पुरे. संस्थेचं पत्र बहुधा इंग्रजीत जातं. त्याचा गाभा मराठीत असा निघेल:

“आमच्या कर्जदार सभासदांसाठी सामूहिक कर्ज-आयुर्विमा घ्यायचा आमचा विचार आहे. मुख्य पॉलिसीधारक म्हणून संस्थेचं नाव असेल. प्रत्येक सभासदाचं विमासंरक्षण तिला कर्ज वितरित झाल्याच्या तारखेपासून सुरू व्हावं. सभासदाच्या मृत्यूनंतर मिळणाऱ्या रकमेतून, तिने दिलेल्या अधिकारपत्रानुसार, फक्त त्या दिवशीची कर्जबाकी संस्थेला द्यावी आणि उरलेली रक्कम तिने नेमलेल्या वारसाला थेट द्यावी. सध्याच्या कर्जदारांची यादी, वयोगटवार गोषवारा आणि गेल्या तीन वर्षांतील मृत्यूंचा तपशील सोबत जोडला आहे. यावर आपला दर कळवावा.”

वाचायला साधं वाटणारं हे पत्र जवळपास प्रत्येक वाक्यात काहीतरी ठरवून टाकतं.

मुख्य पॉलिसीधारक संस्था असते, याचा अर्थ करार संस्था आणि विमा कंपनी यांच्यात असतो. बाई त्या करारावर सही करत नाही. तिला मिळतं ते विमा प्रमाणपत्र, एक-दोन पानांचं. कंपनीकडे तिची ओळख पटते ती यादीतल्या एका ओळीवरून. ती ओळ नसेल, चुकीची असेल किंवा उशिरा पोचली असेल, तर तिच्याकडून विम्याचे पैसे कापून घेतले असले तरी दाव्याच्या वेळी कुटुंबाला भांडत बसावं लागतं. म्हणून मी म्हणेन, तिची पॉलिसी म्हणजे ती यादीच.

विम्याची रक्कम किती, हा यानंतरचा प्रश्न, आणि इथे दोन वाटा फुटतात. एक, घटतं संरक्षण: कर्जाची ठरलेली शिल्लक जशी कमी होईल, तशी विम्याची रक्कमही कमी होते. दुसरी, स्थिर संरक्षण: दोन्ही वर्षं रक्कम 40,000 च राहते. आपल्या उदाहरणातली सभासद दहावा हप्ता भरून वारली असं धरू. त्या दिवशी कर्जबाकी सुमारे 25,600 रुपये असेल. घटत्या संरक्षणात कंपनी 25,600 देईल, ते संस्थेच्या खात्यात जातील आणि कर्ज मिटेल. घरी काही येणार नाही. स्थिर संरक्षण असेल तर 25,600 संस्थेला आणि साधारण 14,400 वारसाला. विसाव्या हप्त्यानंतर वारली तर बाकी फक्त 8,050 च्या आसपास राहते, त्यामुळे स्थिर संरक्षणात घरी जवळपास 32,000 येतात. तेराव्याचा खर्च आणि मुलांच्या शाळेची फी यांचा विचार केला, तर हा फरक लहान नाही.

मग संस्था बऱ्याचदा घटतं संरक्षण का मागते? कारण ते स्वस्त पडतं. किती स्वस्त, हे प्रीमियमच्या हिशेबातून कळतं, आणि तो हिशेब वाटतो तितका गहन नाही.

विमा कंपनी दोन गोष्टी गुणते: किती रुपये किती काळ जोखमीत आहेत, आणि त्या वयाच्या माणसांत वर्षाला हजारी किती मृत्यू होतात. 40,000 रुपये दोन वर्षं स्थिर राहिले, तर जोखीम 80,000 रुपये-वर्षांची झाली. घटत्या शिलकीत दर महिन्याच्या सुरुवातीची बाकी घेऊन बेरीज केली आणि तिला बाराने भागलं की साधारण 44,800 रुपये-वर्षं येतात. म्हणजे निम्म्याहून थोडी जास्त. ती निम्मी का नाही? कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो आणि मुद्दल सावकाश उतरतं.

आता मृत्युदर. भारतातल्या विमा कंपन्या विमाधारकांच्या मृत्यूच्या अनुभवावरून तयार केलेला तक्ता वापरतात. असा एक तक्ता 2012-14 चा आहे. त्यात तिसाव्या वर्षी हजारी सुमारे 1 मृत्यू दिसतो, चाळिसाव्या वर्षी 1.7, पन्नासाव्या वर्षी 4.4 आणि साठाव्या वर्षी 11. सुरुवातीला रेषा जवळजवळ सपाट चालते आणि पन्नाशीनंतर घाट चढायला लागते. शिवाय हा तक्ता विमा काढणाऱ्या लोकांचा आहे. मजुरीवर जगणाऱ्या, दवाखाना लांब असलेल्या घरांचा अनुभव त्याहून वेगळा असू शकतो, म्हणून कंपनी त्यात आपल्या अंदाजाने फेरफार करते.

आपल्या संस्थेच्या गोषवाऱ्यात तिशीपर्यंतच्या 300 महिला आहेत, 31 ते 40 मधल्या 480, 41 ते 50 मधल्या 300 आणि 51 ते 58 मधल्या 120. तक्त्यातले त्या-त्या वयाचे दर लावले, तर वर्षाला अपेक्षित मृत्यू जवळपास अडीच निघतात: पहिल्या गटात पाव, दुसऱ्यात अर्ध्याहून थोडा जास्त, तिसऱ्यात पाऊण आणि शेवटच्या गटात पाऊणहून थोडा जास्त. शेवटचा गट सभासदांच्या फक्त दहावा हिस्सा आहे, पण अपेक्षित मृत्यूंतला त्याचा वाटा एक तृतीयांश आहे. म्हणूनच पत्रासोबत सरासरी वय कळवून भागत नाही. दोन संस्थांचं सरासरी वय 38 असूनही, एकीत पन्नाशीच्या पुढच्या बाया जास्त असल्या, तर तिचा दर वर जाणार.

अडीचच्या किंचित खालच्या या आकड्याला 1,200 ने भागलं की हजारी सुमारे 2.06 येतात. मग घटत्या संरक्षणाची दोन वर्षांची शुद्ध जोखीम एका सभासदामागे 92 रुपये, आणि स्थिर संरक्षणाची 165. त्यावर कंपनीचा खर्च, राखीव आणि नफा यांसाठी प्रीमियमचा 30 टक्के भाग धरू. हा आकडा माझा, उदाहरणापुरता. मग घटत्या संरक्षणाला 132 रुपये आणि स्थिरला 235. कंपन्या हे कर्जाच्या हजारी सांगतात, म्हणजे अनुक्रमे 3 रुपये 30 पैसे आणि 5 रुपये 90 पैसे. वर जीएसटी वेगळा. फरक झाला दोन वर्षांसाठी 103 रुपयांचा. माझं मत विचाराल तर तो फरक घेण्याजोगा आहे, पण निदान बाईला दोन्ही आकडे सांगून तिला ठरवू द्यावं. बैठकीत हे कुणी विचारताना मात्र फारसं दिसत नाही.

पत्रातली ‘गेल्या तीन वर्षांतील मृत्यू’ ही जोडणीही जपून वाचावी लागते. वर्षाला अडीच मृत्यू अपेक्षित असलेल्या संस्थेत, निव्वळ योगायोगाने, साधारण बारा वर्षांतून एकदा एकही मृत्यू होत नाही आणि नऊ वर्षांतून एकदा पाच किंवा जास्त होतात. तेव्हा ‘गेल्या वर्षी आमच्याकडे एकही दावा नव्हता, दर कमी करा’ हे म्हणणं जितकं कच्चं, तितकंच ‘यंदा पाच दावे आले, दर दुप्पट करतो’ हे कंपनीचं म्हणणंही कच्चं. लाखभर कर्जदारांची संस्था असेल तर तिच्या स्वतःच्या अनुभवाला वजन येतं. 1,200 जणींच्या संस्थेने तीन वर्षांचे आकडे द्यावेत, पण त्यांवरून फुशारकी मारू नये आणि घाबरूही नये.

सगळ्यांना एकच दर लावता येतो तो सगळ्या यादीत असतात म्हणून. फक्त आजारी बायांनी विमा घेतला तर हा हिशेब कोसळतो. पण रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या सूक्ष्मकर्ज नियमांनुसार विम्यासारखं कर्जाबाहेरचं उत्पादन कर्जदाराच्या पूर्ण संमतीनेच द्यायचं असतं आणि त्याचं शुल्क कर्जकार्डावर स्पष्ट लिहायचं असतं. विमा कंपनीला सगळ्या हव्यात आणि नियमाला प्रत्येकीची इच्छा हवी, अशी ही ओढाताण आहे. म्हणून कंपनी पत्राच्या उत्तरात एखादी अट घालते: सभासदांपैकी अमुक टक्के सहभागी झाल्या तरच हा दर. शिवाय प्रत्येकीची प्रकृती चांगली असल्याची घोषणा मागते. त्या छापील घोषणेखाली अंगठा उठवताना ‘बीपीची गोळी चालू आहे’ हे वाक्य कुणी लिहीत नाही, आणि पुढे दाव्यात तीच गोळी बाहेर येते. विमा कायद्याच्या 45 व्या कलमानुसार तीन वर्षांनंतर पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही, पण कर्जच दोन वर्षांचं असल्यामुळे इथे त्या संरक्षणाचा उपयोग होत नाही. फील्ड ऑफिसरने घोषणा मोठ्याने वाचून दाखवणं हाच त्यावरचा खरा उपाय.

आता यादी. तिचे रकाने साधारण असे: सभासद क्रमांक, कर्जखाते क्रमांक, केवायसीप्रमाणे नाव, जन्मतारीख, कर्जाची रक्कम, वितरणाची तारीख, मुदत, वारसाचं नाव, नातं, वय, आणि वारस अज्ञान असेल तर त्याच्या वतीने पैसे घेणारी व्यक्ती. अकरा रकाने. यातल्या दोन रकान्यांपाशी सर्वात जास्त दावे अडकतात.

पहिला नावाचा. लग्न होऊन आलेल्या बाईच्या आधारवर पुष्कळदा माहेरचं नाव असतं, रेशनकार्डावर सासरचं. यादी आधारवरून भरली जाते, पण मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीतून निघतो आणि तिथे गावात ओळखलं जाणारं नाव लिहिलं जातं. ‘सुनीता’ आणि ‘सुनिता’ एक असल्याचं कुणीही मान्य करेल. वडिलांच्या नावाची सुनीता आणि नवऱ्याच्या नावाची सुनीता एकच आहे, हे मात्र कागदाने सिद्ध करावं लागतं. ज्या संस्था यादीत ‘दुसरं नाव’ असा जादा रकाना ठेवतात, त्यांचा हा त्रास बराचसा वाचतो.

दुसरा जन्मतारखेचा. महाराष्ट्रात चाळिशीच्या पुढच्या कोणत्याही यादीत 1 जून या तारखेला जन्मलेल्यांची गर्दी दिसते. शाळेत नाव घालताना गुरुजींनी वय बेताने बसवून ती तारीख टाकलेली असते. शाळेत न गेलेल्यांच्या आधारवर 1 जानेवारी दिसते, कारण तिथे फक्त वर्षाचाच अंदाज होता. अशी तारीख चुकीची आहे असं नाही, पण ती दोन-चार वर्षं इकडेतिकडे असू शकते, आणि पन्नाशीनंतर दोन-चार वर्षांनी दर बराच बदलतो. त्याहून वाईट म्हणजे वयाची वरची मर्यादा. कर्ज संपताना वय 60 च्या आत हवं अशी अट असेल, तर 58 वर्षांची म्हणून नोंदलेली बाई प्रत्यक्षात 61 ची निघते, आणि मतदार ओळखपत्रावरून हे उघड होतं ते दाव्याच्या वेळी. पत्रात एक वाक्य आधीच घालून घ्यावं: वयाचा पुरावा म्हणून आधार ग्राह्य, आणि वयात तफावत आढळल्यास दावा नाकारण्याऐवजी विम्याची रक्कम वयानुसार फेरबांधावी. अशी सवलत कंपन्या देतात, पण मागितली तर.

नावांइतकंच महत्त्व वेळेला. 1938 च्या विमा कायद्यातलं 64 व्हीबी हे कलम सांगतं की प्रीमियम आगाऊ मिळाल्याशिवाय कंपनीने जोखीम घ्यायची नाही. आपली संस्था शुक्रवारी कर्ज वाटते, यादी सोमवारी पाठवते आणि पैसे बुधवारी भरते असं समजा. शनिवारी कापूस वेचताना एका सभासदाला साप चावला तर? तिच्या कर्जातून विम्याचे पैसे कापलेले आहेत, पण कंपनीकडे ते पोचलेले नाहीत. यावरचा रस्ता म्हणजे कंपनीकडे आधीच ठेवलेली ठेव, जिला या धंद्यात सीडी खातं म्हणतात. आठवड्याला 50 कर्जं वाटली जात असतील, तर 132 रुपयांप्रमाणे आठवड्याचा प्रीमियम 6,600 होतो. चार आठवड्यांची तरतूद म्हणजे कर सोडून 26,400. खात्यात इतकी रक्कम कायम असेल आणि यादी ठरलेल्या दिवसांत जाईल, तर संरक्षण वितरणाच्या तारखेपासून धरलं जातं. मात्र खातं आटलं की त्या दिवसानंतर वाटलेली सगळी कर्जं उघड्यावर येतात, आणि हे शाखेत कुणाच्या लक्षात येत नाही, कारण बायांकडून कापणी नेहमीसारखी चालूच असते. महिनाअखेरीला वितरित कर्जांची संख्या, पाठवलेल्या यादीतल्या ओळी आणि कंपनीने दिलेली प्रमाणपत्रं हे तीन आकडे जुळवून पाहणं, हा त्यावर एकच भरवशाचा उपाय आहे. आकडे जुळत नसतील तर कुणीतरी विम्याविना कर्ज घेऊन हिंडते आहे.

घटत्या संरक्षणात आणखी एक फट राहते. कंपनी देते ती ठरलेल्या वेळापत्रकातली बाकी. समजा आपल्या सभासदाने शेवटचे दोन हप्ते चुकवले होते. वेळापत्रकानुसार बाकी 25,600, पण व्याजासकट खरी बाकी 29,900 च्या जवळ. मधले 4,300 रुपये कुणी द्यायचे? पत्रात लिहिलेलं नसेल, तर संस्थेची पावलं वारसाच्या दाराकडेच वळतात. मुदत लांबली तरी हेच होतं. 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेच्या सवलतीनुसार मार्च ते ऑगस्ट या काळातले हप्ते पुढे ढकलता आले, त्यामुळे कर्जाची शेवटची तारीख पुढे गेली. विम्याची तारीख मात्र आपोआप पुढे सरकत नाही. ती वाढवायची तर कंपनीला वेगळं पत्र, सुधारित यादी आणि बहुधा जादा प्रीमियम लागतो.

दाव्याचे पैसे संस्थेला थेट देण्यावर विमा नियामकाची बंधनं आहेत. नोंदणीकृत बँका, बिगरबँक वित्तसंस्था आणि आणखी मोजक्या प्रकारच्या संस्थांनाच ते देता येतात, तेही सभासदाचं अधिकारपत्र असेल तर आणि कर्जबाकीपुरतेच. संस्थेला दाव्यासोबत त्या कर्जखात्याचा उतारा द्यावा लागतो. हे अधिकारपत्र कर्जाच्या कागदांच्या चळतीत कुठेतरी असतं आणि बाईला ते कर्जाचाच एक कागद वाटतं. बिनचूक संस्था ते वेगळ्या पानावर, मराठीत ठेवतात. बाईकडून कंपनीच्या प्रीमियमपेक्षा एक रुपयाही जास्त घ्यायचा नाही, हेही याच शिस्तीत येतं.

दावा पोचल्यावर चौकशीची गरज नसेल तर कंपनीने 15 दिवसांत आणि असेल तर 45 दिवसांत निकाल द्यावा, असा नियामकाचा सध्याचा नियम आहे. पण त्याआधी गावातून दाखला मिळायला, वारसाचं बँक खातं उघडायला आणि शाखेतून कागद पोचायला कित्येकदा महिना-दीड महिना जातो. तोवर दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला केंद्राची बैठक भरतेच. तिथे मेलेल्या सभासदाचा हप्ता मागितला गेला, तर तो नवऱ्याकडून नाहीतर गटातल्या बायांकडून वसूल होतो, आणि दावा मंजूर झाल्यावर ते पैसे परत करण्याची गोष्ट मागे पडते. म्हणून चांगल्या पत्राच्या शेवटी, विमा कंपनीशी थेट संबंध नसलेलं, एक वाक्य असतं: मृत्यूची खबर मिळाल्याच्या दिवसापासून आम्ही या खात्याची वसुली थांबवू, आणि त्यानंतर चुकून घेतलेला हप्ता दाव्याच्या निकालाची वाट न पाहता परत करू.